साक्रीचं कार्ड बारडोलीत कसं चालवायचं

*ताई, मी साक्री तालुक्यातला. माझा लहान भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं दर दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोलीकडे जातात, आखाजीला परततात. गेल्या हंगामात भाऊ मोटारसायकलवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. खिशात आयुष्मान कार्ड होतं. खासगी दवाखान्यात कार्ड दाखवलं तर काउंटरवरचा म्हणाला, ‘महाराष्ट्रनुं कार्ड छे, अहीं नहीं चाले.’ मुकादमाकडून उचल घेऊन 65 हजार भरले. आता वहिनीच्या पित्ताशयात खडे निघालेत. हे कार्ड खरंच तिकडे चालत नाही का? गुजरातचं कार्ड नि गुजरातचं रेशनकार्ड काढून टाकावं का? घरी म्हातारे आई-वडील आहेत, तेही याच रेशनकार्डावर आहेत.*

भाऊ,

गुजरातचं कार्ड काढायला जाऊ नका. तुमचं कार्ड तिकडे चालतं की नाही, ते आधी पाहू. उत्तर बहुधा ‘चालतं’ असंच निघेल. पण ते पडावावर, रात्री, पेशंट कण्हत असताना शोधू नका. आत्ता घरी बसून शोधा.

मी काही वर्षं सरकारी योजनांच्या टेबलावर काम केलं आहे. ‘हाई कार्ड तठे चालस का?’ हा प्रश्न टोळ्या निघायच्या दिवसांत रोज दहा जण विचारायचे. एका शब्दात उत्तर देता यायचं नाही, कारण प्रत्येकाच्या हातातलं कार्ड वेगळं असायचं आणि सगळे त्याला ‘आयुष्मान’च म्हणायचे.

म्हणून पहिलं काम म्हणजे कार्ड नीट बघा. त्यावर ठळक 14 आकडी नंबर आणि ‘आभा’ असं लिहिलेलं असेल, योजनेचा आयडी कुठेच नसेल, तर ते विम्याचं कार्ड नाही. आभा म्हणजे आरोग्याच्या नोंदी ठेवायचा खातेनंबर. शिबिरांत ही कार्डं भराभर काढून दिली गेली आणि लोक ती उपचाराचं कार्ड समजून जपून ठेवतात. त्यावर गुजरातेतही उपचार मिळत नाहीत आणि धुळ्यातही नाहीत. ई-श्रम कार्डाचंही तसंच. तो कामगाराच्या नोंदणीचा नंबर आहे, दवाखान्यात त्याचा उपयोग नाही.

कार्ड आयुष्मानचंच असेल, तर दुसरी गोष्ट पाहायची. आपल्या राज्यात दोन योजना एकत्र चालतात. एक केंद्राची, म्हणजे 2018 मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजना, इंग्रजीत PMJAY. दुसरी राज्याची, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, जिला आपण पूर्वी ‘जीवनदायी’ म्हणायचो. महाराष्ट्रातल्या दवाखान्यात दोन्हींचा कारभार एकाच टेबलावर होतो, आरोग्यमित्र एकच असतो, त्यामुळे इथे फरक जाणवत नाही. फरक कळतो तो नवापूरची हद्द ओलांडल्यावर. केंद्राच्या यादीतलं कुटुंब देशातल्या कुठल्याही संलग्न दवाखान्यात जाऊ शकतं. ज्यांचं नाव फक्त राज्याच्या योजनेत बसतं, त्यांना बारडोलीत किंवा सुरतेत या कार्डावर काही मिळत नाही. कार्डावर दोन्ही योजनांची नावं छापलेली असली, तरी छपाईवरून निष्कर्ष काढू नका.

खात्री करायला beneficiary.nha.gov.in उघडा. मोबाईल नंबरवर आलेला ओटीपी टाकला की राज्य, योजना आणि जिल्हा विचारतात. राज्य महाराष्ट्र, योजना PMJAY, जिल्हा धुळे निवडा आणि भावाच्या आधार नंबरावर शोधा. कुटुंबातली सगळी नावं खाली येतात, कोणाचं ई-केवायसी झालंय आणि कोणाचं बाकी आहे तेही दिसतं. वहिनीचं नाव आहे का, दोन्ही पोरांची नावं आहेत का, ते एकेक करून पाहा. लग्न होऊन आलेली सून आणि नंतर झालेली पोरं जुन्या यादीत नसतात, आणि घरातल्या एकाचं कार्ड आहे म्हणून सगळ्यांचं झालं असं होत नाही. प्रत्येकाचं वेगळं. हे जमत नसेल तर गावातल्या सेवा केंद्रात जा किंवा आशाताईला गाठा. शिवाय 14555 ला फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘आमचं कुटुंब केंद्राच्या योजनेत आहे का, आणि हे कार्ड गुजरातेत चालेल का?’

आता काउंटरवरच्या त्या माणसाकडे येऊ. तो खोटंच बोलला असेल असं मी धरत नाही, कारण ‘चालत नाही’ या दोन शब्दांच्या मागे निरनिराळी कारणं असतात आणि प्रत्येकावरचा इलाज निराळा आहे.

सगळ्यात साधं कारण असं, की टेबलावर बसलेल्याने नाव गुजरातच्या यादीत शोधलेलं असतं. तिथे दिवसभर गुजरातचेच पेशंट, स्क्रीनवर राज्य गुजरातच निवडलेलं. तुमच्या भावाचा आयडी तिथे सापडणार कसा? ‘रेकॉर्ड नाही’ असं दिसतं आणि तो कार्ड परत सरकवतो. अशा वेळी हात जोडून उपयोग नाही. सरळ म्हणायचं, ‘राज्य महाराष्ट्र निवडा, ही पोर्टेबिलिटीची केस आहे.’ पोर्टेबिलिटी म्हणजे एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवणं. हा शब्द भावाच्या आणि वहिनीच्या तोंडात बसवा. टेबलावर तोच शब्द चालतो.

दुसरं कारण जास्त अवघड आहे आणि बहुतेकांना माहीत नसतं. दवाखाना योजनेत आहे म्हणजे त्यातले सगळे विभाग योजनेत आहेत असं नाही. संलग्नता विभागवार मिळते. बाहेर आयुष्मानचा मोठा फलक असतो आणि दवाखाना फक्त डोळ्यांसाठी किंवा डायलिसिससाठी जोडलेला असतो. मोडलेल्या मांडीला तिथे योजनेतून हात लावता येत नाही. शिवाय यादी बदलत राहते. दवाखाने नव्याने जोडले जातात, काही स्वतः बाहेर पडतात, काहींना गैरप्रकारांमुळे निलंबित केलं जातं, आणि फलक मात्र भिंतीवर तसाच राहतो. म्हणून फलकावर विश्वास ठेवायचा नाही, आणि कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या गेल्या वर्षीच्या यादीवर तर नाहीच.

खरी यादी hospitals.pmjay.gov.in वर मिळते. राज्य गुजरात, जिल्हा सुरत, आणि त्याखाली विभाग निवडायचा. हाडांसाठी ऑर्थोपेडिक्स, पित्ताशय, हर्निया, अपेंडिक्स यांसाठी जनरल सर्जरी, बाळंतपणाच्या गुंतागुंतीसाठी स्त्रीरोग विभाग. जी नावं येतील त्यांतली पडावापासून जवळची दोन-तीन निवडा आणि तिथे फोन करून विचारा, ‘महाराष्ट्रातली पोर्टेबिलिटीची केस घेता का? हाडाचा विभाग चालू आहे ना?’ टोळी तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच हे करून ठेवायचं. पडाव दुसरीकडे हलला, तर पुन्हा.

तिसरं कारण पैशाचं. गुजरातेतल्या दवाखान्याने महाराष्ट्राच्या पेशंटवर उपचार केले, तर पैसे महाराष्ट्राकडून यायचे असतात. राज्यातल्या राज्यात दावा 15 दिवसांत चुकता करायचा नियम आहे, परराज्यातल्या दाव्याला 30 दिवस. मंजुरीही आपल्या राज्याच्या यंत्रणेतून येते. त्यामुळे काही खासगी दवाखाने परराज्याचा पेशंट शक्यतो टाळतात. ‘बेड नाही’ म्हणतात, ‘सर्व्हर बंद आहे’ म्हणतात. पात्र पेशंटला असं परतवणं नियमात बसत नाही. पण काउंटरवर वाद घालून हाड जुळत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, खासगीत अर्ध्या तासात काम सरकलं नाही, तर वेळ न दवडता सरकारी मोठ्या दवाखान्यात जा. सुरतेत मजुरा गेटचं नवी सिव्हिल आहे, महापालिकेचं स्मीमेर आहे. तिथे गर्दी असते, थांबावं लागतं. पण परराज्याचं कार्ड त्यांना नवं नाही, आणि कार्डाची केस अडकली तरी पेशंट दारातून परत जात नाही.

तिकडे फलकांवर ‘10 लाख’ लिहिलेलं दिसेल. तो आकडा 2023 पासून गुजरातने आपल्या रहिवाशांसाठी वाढवून दिलेला आहे. तुमच्या भावासाठी केंद्राच्या योजनेचे 5 लाखच, तेही सगळ्या कुटुंबात मिळून, वर्षाला. धुळ्यात खर्च झाले तरी त्यातूनच वजा होणार आणि सुरतेत झाले तरी त्यातूनच.

एक केस सांगते, म्हणजे क्रम डोळ्यांसमोर येईल. आमच्या ओळखीच्या टोळीतल्या एका बाईचं पोट रात्री दुखायला लागलं. सकाळी तालुक्याच्या डॉक्टरने अपेंडिक्स सांगितलं. तिच्या नवऱ्याने आधीच दोन दवाखान्यांची नावं कागदावर लिहून आणली होती, दोन्ही जनरल सर्जरीसाठी जोडलेले. पहिल्या ठिकाणी सर्जन रजेवर होता. दुसऱ्या ठिकाणी आयुष्मानच्या टेबलावर कार्ड आणि आधार दिलं, महाराष्ट्र निवडून नाव सापडलं, आणि मग अडलं ते अंगठ्यावर. तिने मशीनवर अंगठा ठेवला, उचलला, पदराला पुसला, पुन्हा ठेवला. डावा ठेवला. लाल दिवा काही जाईना. तीन महिने कोयता धरून आणि मोळ्या बांधून बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. टेबलावरचा मुलगा चांगला होता. त्याने आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवायचं ठरवलं. तो नंबर निघाला साक्रीकडच्या घरी राहिलेल्या दिराचा. दीर शेतात, फोन घरात. ओटीपी मिळायला तास गेला. त्यानंतर सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट जोडून दुपारी मंजुरीसाठी केस गेली, संध्याकाळी मंजुरी आली, रात्री ऑपरेशन झालं. पैसा लागला नाही. सुटी देताना 15 दिवसांची औषधंही योजनेतूनच दिली, तसा नियमच आहे. त्या बाईला जो एक तास लागला, तो टाळता येण्यासारखा होता. म्हणून भावाचा आणि वहिनीचा आधार, जो फोन त्यांच्याजवळ असतो त्याच नंबराला जोडून घ्या. अंगठा उमटला नाही तर ओटीपी, तेही नाही तर चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांवरून ओळख पटवायची सोय आहे. टेबलावर ती मागावी लागते.

या केसमधली आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सगळं भरती असताना झालं. ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून, घरी येऊन, बिलं जोडून परत मागायची सोय यात नाही. पेशंट अत्यवस्थ असेल तर आधी भरती करून ओळख पटवण्याचं काम मागाहून करता येतं, पण ते सुटी मिळायच्या आत व्हायला हवं. दवाखाना म्हणाला ‘आधी 20 हजार जमा करा, कार्डाचं नंतर बघू’, तर तिथेच थांबा आणि टेबलासमोर उभं राहूनच 14555 ला फोन लावा. आपल्या राज्याच्या योजनेचा नंबर 155388, तोही लावा. दवाखान्याचं नाव, विभाग, टेबलावरच्या माणसाचं नाव आणि वेळ सांगा. फोन चालू आहे हे दिसलं की बऱ्याचदा बेड सापडतो. हे मी स्वतः पाहिलं आहे. माझ्याच आत्याला एका खासगी दवाखान्याने योजनेत भरती करून घेतलं आणि वर ‘सामानाचे’ म्हणून 12 हजार मागितले. आम्ही घाबरून भरले, पावतीसुद्धा मागितली नाही. पावती नव्हती म्हणून पुढे तक्रारीत काही पकडता आलं नाही. त्याची रुखरुख अजून आहे. मंजूर झालेल्या केसमध्ये वरून पैसे मागता येत नाहीत, आणि कोणी घेतलेच तर पावतीशिवाय देऊ नका.

तुमच्या 65 हजारांबद्दल खोटी आशा दाखवत नाही. ते परत मिळणं कठीण आहे. तरी एक गोष्ट तपासा. तो दवाखाना त्या तारखेला योजनेत होता का, आणि हाडाच्या विभागासाठी होता का? असेल आणि भाऊ केंद्राच्या यादीत असेल, तर cgrms.pmjay.gov.in वर तक्रार नोंदवा. डिस्चार्ज कार्ड, भरलेल्या पैशांच्या पावत्या, कार्डाचा आयडी आणि नकाराची हकीकत तारखेनिशी लिहा. तक्रारीचा नंबर मिळेल तो जपून ठेवा आणि 14555 वर त्याचा पाठपुरावा करा. दवाखाना योजनेत नव्हता किंवा हाडाचा विभाग जोडलेला नव्हता, तर तक्रारीत दम नाही. मग त्यात वेळ घालवू नका.

रेशनचं थोडक्यात सांगते, कारण तिथे गुंता कमी आहे. गुजरातचं रेशनकार्ड काढायचं म्हणजे इथलं नाव कमी करावं लागतं. दोन राज्यांत नावं ठेवायला गेलात तर आधारवरून पकडली जातात आणि दोन्हीकडचं जातं. त्याची गरजही नाही. एक देश एक रेशनकार्ड ही सोय सुरू झाली तीच महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या दोन जोड्यांपासून, 9 ऑगस्ट 2019 ला. तुमचं कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं असेल, तर भाऊ बारडोलीतल्या कुठल्याही रेशन दुकानात कार्डाचा नंबर सांगून, अंगठा देऊन धान्य घेऊ शकतो. प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो. तुमची माणसं सहा धरली तर महिन्याचे 30 किलो. भावाने तिकडे चौघांचे 20 उचलायचे, आई-वडिलांनी इथे 10. अर्धवट उचल चालते, पण घरात आधी बोलून ठेवा, कारण तिकडे सगळे 30 उचलले तर त्या महिन्यात आई-वडिलांना दुकानदार काही देऊ शकत नाही. मिळतं ते फक्त केंद्राचं धान्य. राज्याचं वरचं काही तिकडे मिळणार नाही, आणि गुजरात आपल्या लोकांना जे जादा देतं तेही नाही. कार्डावरच्या सगळ्यांचं ई-केवायसी झालेलं हवं. दुकानदार ‘बाहेरच्याला देत नाही’ म्हणाला, तर 14445 वर फोन करा. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड इथे दवाखान्यात दाखवायची आपल्याला सवय आहे, ती गुजरातेत उपयोगाची नाही. तिथल्या टेबलावर आयुष्मानचा आयडी आणि आधार, एवढंच चालतं.

राहिली वहिनी. तिचं ऑपरेशन बारडोलीला न्यायचंच नाही. पित्ताशयाचे खडे हे ठरवून करायचं काम आहे. ते आपल्या राज्यात करून घ्या, जिथे मंजुरी आणि पैसा दोन्ही एकाच घरचे आहेत. आत्ताच सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. तिथे आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी विचारा, की हे ऑपरेशन योजनेत कोणत्या नावाने बसतं आणि तारीख कधीची मिळेल. काही ऑपरेशनं योजनेतून फक्त सरकारी दवाखान्यातच होतात, म्हणून खासगीत धावण्याआधी हे विचारलेलं बरं. बाह्यरुग्ण तपासणी योजनेत नाही, भरती झाल्यावरच योजना लागते. फक्त भरतीच्या आधीच्या तीन दिवसांतल्या तपासण्या त्यात धरतात.

तारीख मागताना टोळी कधी निघणार ते डॉक्टरांना सांगा. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं तरी डोक्यावर मोळी घ्यायला काही आठवडे थांबावं लागतं, आणि मुकादम ते थांबणार नाही. यंदा तिने उशिरा जायचं की भावाने दुसऱ्या कोणाला जोडीला घ्यायचं, ते उचल घेण्याआधी ठरवा. एकदा उचल घेतली की वहिनी टाके ओले असतानाच उसात उभी राहील.

तोवर दुखणं अधूनमधून येत असेल तर तारखेपर्यंत थांबता येतं. पण ताप चढला, डोळे पिवळे दिसले, किंवा उजव्या बरगडीखालचं दुखणं काही तास सलग थांबलं नाही, तर ती जिथे असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात त्याच वेळी न्या, मग ते धुळे असो की सुरत.